सलग निवेदनाचे सीन कसे पाडायचे आणि त्यावरून शॉट लिस्ट कशी करायची?

चेंदणीची_पोर

नमस्कार मंडळी. मी ठाणे पूर्वेला राहते, घणसोलीला नोकरी करते. मागच्या वर्षी आमच्या कोळीवाड्यातल्या कथाकथनाच्या कार्यक्रमात मी स्वतः लिहिलेली एक गोष्ट सांगितली होती. आता आम्ही तीन मैत्रिणी तिच्यावर सात-आठ मिनिटांची फिल्म करणार आहोत. डिसेंबरात शूटिंग, कॅमेरा म्हणजे मोबाईल आणि एक ट्रायपॉड. अडचण अशी आहे की गोष्ट एका दमात सांगितलेली आहे. तिचे सीन कुठे तोडायचे, नंबर कसे द्यायचे आणि त्यातून शॉट लिस्ट कशी काढायची, तेच कळत नाही. मी वाक्यागणिक नंबर दिले तर सव्वीस सीन झाले. मैत्रीण म्हणते, परिच्छेद चार आहेत तर सीनही चारच.

गोष्ट थोडक्यात इथे देते:

"बाबा रोज पहाटे साडेचारला उठायचे. अंधारातच जाळं खांद्यावर टाकून बंदरावर जायचे. त्या दिवशी मात्र उठले नाहीत. मी चहा घेऊन गेले तर खाटेवर बसून भिंतीकडे बघत होते. म्हणाले, 'खाडीत आता काही मिळत नाही.' मला लहानपण आठवलं. याच घरात निवट्या-चिंबोऱ्यांनी टोपली भरलेली असायची, आई बाजारात बसायची. पुढचे तीन महिने बाबा दुपारभर ओट्यावर बसून असायचे. मी लोकलने कामावर जायचे, खाडीपूल आला की खाली बघायचे नाही. एका संध्याकाळी घणसोली स्टेशनवर काकूचा फोन आला, बाबा घरात नाहीत. मी धावत आले. बाबा बंदरावर होते. ओहोटी होती, होडी चिखलात रुतलेली, आणि ते होडीत बसलेले. मी चिखलातून गेले, त्यांच्या शेजारी बसले. बोललो काहीच नाही. मग पाणी आलं आणि होडी हलली."

नाट्यवेडा_नौपाडा

गोष्ट आवडली. नाटकात आम्ही पाळतो तो नियम सांगतो, पंचवीस वर्षं हौशी रंगभूमीवर काम केलंय. पात्र आलं किंवा गेलं की प्रवेश बदलतो. त्या हिशोबाने बाबा एकटे हा पहिला, तू चहा घेऊन येतेस तो दुसरा, शेवटी होडीत बाबा एकटे हा एक आणि तू शेजारी बसलीस की पुढचा. असं मोजत गेलीस की झालं. सव्वीस नक्कीच नाहीत, आठ-नऊ होतील.

वाशीकर_काका

आमच्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मी अशीच फिल्म केली होती. निवेदन आधी रेकॉर्ड केलं, साडेसहा मिनिटं भरलं. मग त्यावर जुने फोटो लावले. जिथे निवेदनात विषय बदलतो, म्हणजे पाण्याची टाकी, मग गणपती, मग लिफ्ट, तिथे नवा भाग. प्रत्येक वाक्याला किमान एक फोटो पाहिजे, नाहीतर पडदा रिकामा वाटतो. तेव्हा तुमचे सव्वीस बरोबरच आहेत, उलट कमी पडतील. निवेदकाचा आवाज मात्र चांगला घ्या, आम्हाला तो दोनदा रेकॉर्ड करावा लागला.

सुलभाताई_घोडबंदर

काका, तुमची फिल्म आवाजावर चित्र लावायची होती. तिथे आवाज मुख्य, म्हणून विषयाप्रमाणे तोडणं बरोबर होतं. या मुलीला गोष्ट घडताना दाखवायची आहे, तिचा आवाज कदाचित चार-पाच वाक्यांपुरताच उरेल. दोन्हीचं तोडणं वेगळं.

मी मालिकांच्या सेटवर बरीच वर्षं कंटिन्युइटी सांभाळली आहे, आता निवृत्त आहे. तिथे सीन म्हणजे एक जागा आणि एक सलग वेळ. दोन्हींपैकी एक बदललं की नवा नंबर. पात्रं कितीही येवोत-जावोत, जागा तीच आणि घड्याळ सलग चाललेलं असेल तर सीन तोच. नाट्यवेडा सांगतात त्या नियमात माणसाच्या येण्याजाण्यावर प्रवेश ठरतो, कारण रंगमंच हलत नाही. कॅमेरा हलतो, आणि तो हलवायचा म्हणजे दिवे, सामान, माणसं सगळं उचलून दुसरीकडे न्यायचं. नंबर त्या उचलण्यासाठी असतो. नाट्यवेडा, तुमचा मुद्दा वाया जात नाही, तो शॉट पाडताना कामी येईल. पात्र आत आलं की बहुधा कॅमेऱ्याला जागा बदलावी लागते.

आता पोरी, तुझ्या गोष्टीत खरी अडचण जागेची नाही, क्रियापदांची आहे. कागदावर गोष्ट लिही आणि "उठायचे, जायचे, असायचे, बसायची" अशा क्रियापदांखाली एका रंगाची रेघ मार. "उठले नाहीत, गेले, म्हणाले, आला, हलली" यांच्याखाली दुसऱ्या रंगाची. दुसरा रंग म्हणजे एकदाच घडलेली गोष्ट, ती जशीच्या तशी सीन होते. पहिला रंग म्हणजे रोजची सवय. कॅमेऱ्याला "रोज" दाखवता येत नाही. तो एकच पहाट दाखवतो. तेव्हा पहिल्या रंगाच्या प्रत्येक वाक्यापुढे थांबून ठरव की यातला कुठला एक दिवस दाखवायचा, आणि तो रोजचाच आहे हे प्रेक्षकाला कशावरून कळेल.

चेंदणीची_पोर

ताई, रेघा मारल्या. पहिल्या रंगाच्या सात आणि दुसऱ्या रंगाच्या तेरा. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश गोष्ट सवयीची आहे! सांगताना हे लक्षातच येत नाही. मग "बाबा रोज उठायचे" याचं काय करू? तीन वेगवेगळ्या पहाटा शूट करून एकामागोमाग लावू का?

सुलभाताई_घोडबंदर

तीन पहाटा म्हणजे तीन वेळा सगळ्यांनी साडेतीनला उठणं. एकच पहाट घे, पण हात सराईत दाखव. दिवा न लावता बाबांचा हात बरोबर खुंटीवरच्या जाळ्याला लागला, दाराची कडी आवाज न करता काढली, की प्रेक्षक समजतो हा माणूस हे वर्षानुवर्षं करतोय. "रोज" हा शब्द त्या हातात आला. मग तुझ्या आवाजातलं ते वाक्य ठेवायचं की काढायचं हे एडिटला ठरव.

"तीन महिने" मात्र एका शॉटात बसत नाही. तिथे ओट्यावरच्या दोन-तीन दुपारी लागतील. जागा तीच, कॅमेराही तिथेच, फक्त बाबांचा सदरा वेगळा आणि बाजूला वाळत घातलेल्या जाळ्याची अवस्था वेगळी. हे एकाच दुपारी शूट होतं. याला मी एकच नंबर देते आणि आत पोटभाग पाडते. काहीजण प्रत्येक दुपारीला वेगळा नंबर देतात. तेही चालतं, फक्त आधी ठरव आणि मग बदलू नकोस.

आता तोड. जागा किंवा वेळ बदलली की तिरकी रेघ मार आणि इथे टाक. नंबर अजून देऊ नकोस.

चेंदणीची_पोर

अशी तोडली. प्रत्येकात आधी जागा, मग आत की बाहेर, मग वेळ.

घर, आत, पहाट. बाबा उठतात.
गल्ली ते बंदर, बाहेर, पहाट. जाळं घेऊन जातात.
घर, आत, सकाळ. चहा, भिंत, ते वाक्य.
घर, आत, दिवस, पंचवीस वर्षांपूर्वी. भरलेली टोपली.
बाजार, बाहेर, दिवस, तेव्हाच. आई विकायला बसलेली.
ओटा, बाहेर, दुपार, तीन महिने.
लोकलचा डबा, खाडीपुलावर, सकाळ.
घणसोली स्टेशन, संध्याकाळ. फोन.
काकूचं घर, आत, तीच वेळ. फोनची दुसरी बाजू.
गल्ली, बाहेर, संध्याकाळ. धावणं.
बंदर, बाहेर, संध्याकाळ. होडी, चिखल.
बंदर, पाणी येतं.

बारा झाले. शेवटचे दोन एक की दोन, ते कळलं नाही.

नाट्यवेडा_नौपाडा

शेवटचे दोन एकच. जागा तीच, माणसं तीच, कोणी आलं नाही, गेलं नाही. ताईंच्या नियमानेही एकच होतो की. तोडलंत तर त्या शांततेतलं सगळं निघून जाईल.

सुलभाताई_घोडबंदर

माणसं तीच, पण घड्याळ सलग नाही. रुतलेली होडी पाण्याने उचलायला तास-दीड तास सहज जातो. तेवढ्यात उजेड बदलतो, केस वाऱ्याने विस्कटतात, पायाचा चिखल वाळतो. हे सगळं ज्याने सांभाळायचं त्याला कागदावर वेगळा नंबर दिसला नाही तर तो दोन्ही भाग एकाच उजेडात, एकाच ओल्या चिखलात शूट करून मोकळा होईल. प्रेक्षकाला नंबर दिसत नाही, त्यामुळे शांतता तुटायची भीती नाही.

लोकल आणि स्टेशन याबद्दल आधीच सांगते. रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरणाला परवानगी लागते, आणि तीन मुलींनी मोबाईल लपवून काढायचं म्हटलं तर ट्रायपॉड उघडल्याबरोबर थांबवतील. म्हणून शॉट लिस्टच्या आधीच विचार कर की त्या सीनमधून प्रेक्षकाला काय मिळायला हवं. डबा नको आहे, तुला हवं आहे ते "खाली बघायचे नाही". मग रस्त्याच्या पुलावरून लांब रेल्वेचा पूल, त्यावरून जाणारी लोकल आणि खाली खाडी, एवढा एक वाइड शॉट आणि त्यावर तुझा आवाज. सीनची जागा "लोकलचा डबा" वरून "खाडीकाठ, बाहेर" अशी बदलली. फोनही स्टेशनवर नको, कामावरून सुटून रस्त्यावर आलेली असताना घे.

चेंदणीची_पोर

डबा गेला याचं थोडं वाईट वाटलं, पण लांबून गाडी जाताना दिसणं जास्त लागेल असं वाटतंय. काकूचं घर पण काढते? फोनवर नुसता तिचा आवाज ऐकू आला तर पुरेल ना?

सुलभाताई_घोडबंदर

पुरेल. काकूचा चेहरा दाखवलास तर ती किती घाबरली आहे हे प्रेक्षकाला कळतं, मग तुझ्या चेहऱ्यावर शोधायला काही उरत नाही. बाजारही बघ. पंचवीस वर्षांपूर्वीचा बाजार उभा करायचा म्हणजे हातातले मोबाईल, प्लॅस्टिकच्या पिशव्या, रिक्षा सगळं टाळावं लागेल. टोपलीच्या क्लोजवर बाजाराचा गलका ऐकवलास तर आई तिथे बसलेली आहे हे पोहोचेल.

आता उरले दहा. आता नंबर दे. आणि एकदा हा कागद मैत्रिणींना पाठवलास की नंबर गोठले. पुढे सीन काढलास तर तो नंबर रिकामा ठेवायचा, समोर "रद्द" लिहायचं. मध्ये घातलास तर सहाच्या पुढे ६अ. मागचे सगळे सरकवायचे नाहीत. एका मैत्रिणीच्या हातात जुना कागद असेल आणि तिचा आठ तुझा नऊ असेल, तर ती चुकीचे कपडे घेऊन बंदरावर येईल. मालिकेत मी हे प्रत्यक्ष झालेलं पाहिलंय, अख्खी सकाळ गेली होती.

ऐरोली_रकाने

शीटचं काम माझं रोजचं, म्हणून दोन गोष्टी सांगतो. सीन ११ चा शॉट १ असं 11/1 टाईप केलंत की गूगल शीट त्याची तारीख करून टाकतं, आणि तुम्ही नंतर फॉरमॅट बदललात तर तिथे भलताच पाच आकडी नंबर दिसतो. टाईप करायच्या आधीच पूर्ण रकाना निवडून हे करा:

```
Format > Number > Plain text
```

दुसरं, ६अ घातल्यावर सॉर्ट केलंत तर ६अ सहाच्या खाली येईलच असं नाही. कसं बसेल ते रकान्याच्या फॉरमॅटवर आहे, पण आकडे आणि अक्षरं मिसळली की शीट गोष्टीच्या क्रमाने लावत नाही. आणि सगळंच टेक्स्ट केलं तर १० हा २ च्या आधी जातो. म्हणून "क्रम" नावाचा वेगळा रकाना ठेवा. सीन एकला १०, दोनला २०, सहाला ६०, सातला ७०. ६अ आला की त्याला ६५. सॉर्ट नेहमी या रकान्यावर. सीन नंबर हे नुसतं नाव समजा.

आणखी एक रकाना "शूटक्रम" असा ठेवलात तर त्याच शीटवरून दोन याद्या निघतात, गोष्टीच्या क्रमाने एक आणि शूटिंगच्या क्रमाने एक.

चेंदणीची_पोर

तारखेचं माझं कालच झालं होतं! ११ जानेवारी, ११ फेब्रुवारी अशी रांग लागली होती, मला वाटलं मोबाईलचंच काहीतरी बिघडलंय. आता रकाना आधी टेक्स्ट केला.

दहा सीन असे झाले: १ पहाट घर, २ पहाट गल्ली-बंदर, ३ सकाळ घर, ४ टोपली, ५ ओटा, ६ खाडीकाठावरून लोकल, ७ फोन, ८ धावणं, ९ बंदर रुतलेली होडी, १० पाणी. आता ९ आणि १० ची शॉट लिस्ट करून बघितली. सीन ९ ला चौदा शॉट झाले. प्रत्येक वाक्याला एक वाइड, एक मिड, एक क्लोज धरला.

सुलभाताई_घोडबंदर

चौदातले निम्मे एडिटला वापरणार नाहीस. तीन आकार धरून प्रत्येक वाक्य झोडपायचं नाही. एकेका ओळीपुढे विचार, की इथे प्रेक्षकाला नवीन काय कळतं? नवीन काही कळत असेल तिथेच कॅमेरा हलव. सीन ९ मध्ये नवीन गोष्टी पाचच आहेत. बाबा सापडले. ते होडीत आहेत आणि होडी रुतली आहे. ती मुलगी पायरीवर थांबते, जावं की नाही. ती जाते. ती बसते आणि कोणी बोलत नाही. मी असे लिहीन:

९/१ वाइड, पायऱ्यांवरून, ट्रायपॉड. चिखल, होडी, बाबांची पाठ.
९/२ मिड, समोरून. मुलगी पायरीवर येऊन थांबते, धाप लागलेली.
९/३ क्लोज. पाय चिखलात उतरतात.
९/४ मिड, बाजूने. ती होडीत चढते, बसते. लांब ठेवायचा, कट करायचा नाही.
९/५ क्लोज. बाबांचा चेहरा.
१०/१ क्लोज. होडीच्या तळाशी पाणी पोहोचतं.
१०/२ वाइड, ९/१ ची तंतोतंत चौकट. होडी हलते.

९/१ घेतल्यावर ट्रायपॉडच्या तिन्ही पायांपाशी खडूने खुणा कर, उंची आणि लेन्सचं झूम कागदावर लिही. १०/२ त्याच चौकटीत आला तरच होडी हललेली दिसेल. चौकट बोटभर सरकली तर होडी हलली की कॅमेरा, ते कळणार नाही.

आणि हा क्रम चिखलामुळे असाच राहायला हवा. ९/३ चा एक टेक झाला की चिखलात पावलांचे ठसे उमटले. त्यानंतर ९/१ घेतलास तर रिकाम्या चिखलात आधीच कोणीतरी चालून गेलेलं दिसेल. म्हणून वाइड आधी, पावलं नंतर. सलवारीचा दुसरा तसाच जोड बरोबर ठेव, एका टेकनंतर सलवार गुडघ्यापर्यंत माखलेली असेल. नाट्यवेडा म्हणतात तो मुद्दा इथे लागू पडतो, ९/४ ला दुसरं माणूस चौकटीत आलं म्हणून कॅमेऱ्याची जागा बदलली.

होडीच्या एकाच बाजूने सगळं घे. पायऱ्या एका बाजूला आहेत, पलीकडे चिखल, तेव्हा पलीकडे जायचा मोह होणार नाही हे बरंच. पलीकडून एक क्लोज घेतलास तर बाबा आत्तापर्यंत डावीकडे बघत होते ते अचानक उजवीकडे बघतील, आणि दोघं एकमेकांकडे पाठ करून बसल्यासारखी दिसतील.

वाशीकर_काका

सात शॉट म्हणजे किती वेळ लागेल? आमच्याकडे फोटो होते म्हणून एका रविवारात झालं.

सुलभाताई_घोडबंदर

नवख्या चमूला एका दिवसात पंधरा शॉट म्हणजे पुष्कळ, त्यातही बाहेर. सात शॉटांना मी पाऊण दुपार धरीन. पण इथे घड्याळ माझ्या हातात नाही, पाण्याच्या हातात आहे. याबद्दल इथे कोणी खाडीवरचं असेल तर सांगा.

दिवाळे_नाखवा

मी आहे. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातला. गोष्ट वाचली, गळ्यात आवंढा आला. माझ्या बाबांचंही थोडंफार असंच झालं होतं.

पाण्याचं गणित आमच्याकडे तिथीवर. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पुनवेला सव्वा अकरा. भरतीच्या सहा तास आधी ओहोटी. रोज पाणी पाऊण तास, पन्नास मिनिटं पुढे सरकतं. हे समुद्राच्या तोंडाशी. ठाण्याकडे खाडी आत घुसते तसं पाणी उशिरा पोहोचतं. किती उशिरा ते तुझ्या बंदरावर उभं राहून बघ, माझ्या सांगण्यावर जाऊ नको.

तुला दुपारी रुतलेली होडी हवी आणि उजेड असताना हललेली हवी. डिसेंबरात सूर्य साधारण सहाला मावळतो. म्हणजे ओहोटी दुपारी दोन-तीनला आणि भरती रात्री आठ-नऊला. एकादशीच्या आसपासचे दोन-तीन दिवस बघ, शुद्ध असो नाहीतर वद्य. पुनवेला किंवा अमावस्येला गेलीस तर ओहोटीच संध्याकाळी, होडी रात्री उठेल, तुझा मोबाईल काळोख टिपेल.

चेंदणीची_पोर

दादा, मी मागच्या एकादशीला सुट्टी काढून चेंदणी बंदरावर गेले. आमच्या शेजाऱ्यांची होडी, तीच शूटिंगला मिळणार आहे. दुपारी तीनच्या सुमारास पाणी सगळ्यात मागे होतं. पाच वीसला पाणी होडीच्या तळाला लागलं. सहा वाजून पाच मिनिटांनी होडी पहिल्यांदा हलली, आधी मागचा भाग, मग पुढचा. म्हणजे तळाला लागण्यापासून हलण्यापर्यंत पंचेचाळीस मिनिटं. सूर्य तेव्हा नुकताच गेलेला होता, उजेड होता पण फार थोडा.

हे लिहून घेतलं म्हणून १०/१ आणि १०/२ मध्ये किती वेळ रिकामा आहे ते कळलं. त्या पाऊण तासात ९/५, म्हणजे बाबांच्या चेहऱ्याचा क्लोज, घ्यावा का? पाणी चौकटीत दिसणार नाही.

सुलभाताई_घोडबंदर

उत्तम काम केलंस. पण ९/५ तेव्हा घेऊ नकोस. पाणी दिसणार नाही हे खरं, पण चेहऱ्यावरचा उजेड सीन ९ पेक्षा लाल झालेला असेल. ९/४ आणि ९/५ एकामागून एक येतात, तिथे तो फरक लगेच दिसेल. त्या पाऊण तासात सीन १० साठी बाबांचा एक क्लोज घे, तो १०/१अ. यादीत आत्ताच टाक. आणि आवाज रेकॉर्ड कर, पाण्याचा, लांबच्या गाडीचा, होडीच्या लाकडाचा. सहा नंबरच्या सीनला तो गाडीचा आवाज लागेल.

शीटमध्ये "पाणी" असा एक रकाना घाल. ओहोटी, तळाला, हलतं. सीन २ च्या पहाटेलाही लागेल, कारण पहाटे बाबा जाळं घेऊन निघतात तेव्हा बंदरावर पाणी हवं ना?

दिवाळे_नाखवा

हवंच. ओहोटीत होडी काढणार कशी? भरती दिवसातून दोनदा. एकादशीला रात्रीची नऊच्या आसपास, तर सकाळची साडेआठ-नऊला. पहाटे साडेचारला पाणी चढत असतं पण तुमच्या बंदरावर होडी तेव्हा उठलेली नसेल. पहाटेच्या सीनला दुसरा दिवस काढ, सप्तमीच्या आसपास. कोळ्याच्या घरचं माणूस बघेल तर त्याला हे लगेच खटकेल.

चेंदणीची_पोर

हे मला सुचलं नसतं, आणि घरी दाखवल्यावर मोठ्या काकांनी तेच बोट ठेवलं असतं. म्हणजे सीन १ आणि २ वेगळ्या दिवशी, ९ आणि १० वेगळ्या. ३, ४ आणि ५ घरातले एका दिवशी होतील. शूटक्रमाच्या रकान्यात तसं टाकलं. टोपली आधी, कारण चिंबोऱ्या जिवंत आणायच्या आहेत आणि त्या दुपारपर्यंत मरगळतात.

अजून एक विचारते. एकादशीला होडी सहा पाचला हलली, उजेड संपत आलेला. आदल्या दिवशी, दशमीला, पाणी पन्नास मिनिटं लवकर येईल ना? मग सव्वापाचला चांगल्या उन्हात हलेल. दशमीला शूट करून एकादशी राखीव ठेवली तर?

नाट्यवेडा_नौपाडा

अगदी बरोबर विचार. राखीव दिवस हवाच. सीन ९ आणि १० वेगळे का, तेही आता मला पटलं. तरी माझं मत आहे की पडद्यावर मध्ये काळा पडदा किंवा फेड टाकू नका, सरळ जोडा.

दिवाळे_नाखवा

पोरी, थांब. वेळ लवकर येईल हे खरं, पण दशमीला पाणी चढेल किती? अष्टमीपासून भांगाचं पाणी असतं, भरती बुटकी आणि ओहोटीही फार मागे जात नाही. एकादशीपासून जोर धरतं. तू एकादशीला मोजलंस ते पाणी दशमीला तेवढ्या उंचीला पोहोचायला जास्त वेळ घेईल. कदाचित होडी सहाच्या आधी हलणारच नाही. कदाचित नुसती डुचमळेल आणि राहील.

चेंदणीची_पोर

मग होडी थोडी खालच्या बाजूला लावली तर? भरतीला ढकलून दोन हात पुढे?

दिवाळे_नाखवा

चालेल, पण मग तुझी ती पायरीवरून चिखलाची चौकट बदलेल, आणि चिखल तिथे खोल असतो. मुलगी गुडघ्याच्या वर जाईल. आधी काठी घालून बघ. या दशमीला मला बेलापुरातून येता आलं तर येतो.

सुलभाताई_घोडबंदर

होडी हलवायचं ठरवलंस तर ९/१ ची खूण नव्याने घ्यावी लागेल आणि पाच वीसचा आकडाही जुना झाला. दशमीला नुसतं मोजायला जा. शॉट लिस्ट तशीच ठेव, फक्त "पाणी" रकान्यात दशमीसमोर प्रश्नचिन्ह टाक.

चेंदणीची_पोर

टाकलं. दशमी गुरुवारी आहे, अर्धी रजा टाकली आहे. काठी, घड्याळ आणि खडू घेऊन जाते. होडी किती वाजता हलते ते इथेच लिहीन.